ओटीमध्ये हवा किती, दाब कुठून येतो आणि फिल्टर कशासाठी

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात वरच्या मजल्यावर दोन ओटींचा नवा विभाग करतो आहोत. प्रत्येक ओटी २० बाय २० फूट, उंची १० फूट. एक ठेकेदार तासाला २० एअर चेंज देतो म्हणतो. दुसरा छतातून हवा खाली सोडणाऱ्या त्याच ८ बाय ६ फुटांच्या लॅमिनार बॉक्समधून ३० देतो आणि ते जास्त चांगले म्हणतो. १५ पास्कल दाब दोघेही लिहून देतात. खरे कोणाचे मानावे, आणि फिल्टर कोणते? एका ओटीत सांधेरोपण होणार आहे.

उत्तर:

डॉक्टर, सर्वसाधारण शस्त्रक्रियेच्या ओटीला २० एअर चेंज पुरेसे आहेत, आणि सांधेरोपणाच्या ओटीत त्याच बॉक्समधून फार तर २५ पर्यंत जावे. ८ बाय ६ च्या बॉक्समधून ३० घेऊ नका. १५ पास्कलबद्दल बोलायचे तर ती संख्या लिहून देणे सोपे आहे, पण ती कशाच्या तुलनेत मोजायची आणि ती टिकवणारी जादा हवा किती, हे दोघांनीही लिहिलेले नसेल तर त्या आश्वासनाला अर्थ नाही. फिल्टर तीन टप्प्यांचे घ्यावेत आणि अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर ओटीच्या छतातच, म्हणजे हवेच्या मार्गातील शेवटची वस्तू म्हणून, बसवावा. आता याची कारणे आपल्याच खोलीच्या मापांवरून पाहू.

आपल्या ओटीचे घनफळ ४,००० घनफूट आहे. तासाला २० एअर चेंज म्हणजे ८०,००० घनफूट, अर्थात मिनिटाला सुमारे १,३३३ घनफूट, ज्याला आपण १,३३३ सीएफएम म्हणतो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि अमेरिकेच्या अॅश्रे १७० या मानकात किमान २० एअर चेंज आणि त्यांपैकी किमान ४ बाहेरच्या ताज्या हवेचे असावेत, असे सांगितले आहे. चार एअर चेंज म्हणजे २६७ सीएफएम ताजी हवा. बाकीची हवा त्याच ओटीतून परत घेऊन, गाळून आणि थंड करून पुन्हा सोडली जाते. हवा गाळून थंड करणारे यंत्र, म्हणजे एएचयू, दोन्ही ओटींना स्वतंत्र असावे, कारण एका ओटीतून उचललेली हवा दुसरीत जाणे आपल्याला कोणत्याही परिस्थितीत नको आहे. स्प्लिट एसी लावण्याचा विचार तर इथे मुळीच करू नये. तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो आणि त्याच्या ओल्या कॉइलवर जंतू वाढतात.

या हवेचे काम काय, हे एकदा नीट समजले की संख्या आपोआप जागेवर बसतात. चालू शस्त्रक्रियेत ओटीतील जंतूंचा मुख्य स्रोत बाहेरची हवा नसून आत उभी असलेली माणसे असतात. त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि त्यांवर जंतू स्वार झालेले असतात. खोलीत माणसे दुप्पट झाली आणि हवा तेवढीच राहिली, तर स्थिरावलेल्या अवस्थेत हवेतील कणांचे प्रमाणही साधारण दुप्पट होते. हेपा फिल्टर कितीही उत्तम असला तरी तो आत येणारी हवा स्वच्छ करतो; आत निर्माण झालेले कण विरळ करून बाहेर नेण्याचे काम हवेच्या प्रमाणाचे आहे. हवा पूर्ण मिसळते असे धरले, तर एका एअर चेंजनंतर मूळ कणांपैकी सुमारे ३७ टक्के उरतात आणि ९९ टक्के कण जायला ४.६ एअर चेंज लागतात. २० च्या दराने हा वेळ सुमारे १४ मिनिटे होतो. दोन केसच्या मध्ये सफाई झाल्यावर तेवढी तरी उसंत हवेला द्यावी, हे या हिशेबातून निघते.

मग ३० एअर चेंजने हाच वेळ सव्वानऊ मिनिटांवर येत असेल तर ते वाईट कसे? अडचण संख्येत नाही, बॉक्सच्या मापात आहे. ८ बाय ६ म्हणजे ४८ चौरस फूट. १,३३३ सीएफएम त्यातून सोडले की हवा मिनिटाला सुमारे २८ फूट वेगाने उतरते. या प्रकारच्या छताच्या डिफ्यूजरसाठी मिनिटाला २५ ते ३५ फूट हा वेग योग्य मानतात, आणि आपण त्या पट्ट्यात व्यवस्थित बसतो. ३५ फुटांच्या मर्यादेपर्यंत गेले तर १,६८० सीएफएम, म्हणजे २५ एअर चेंज होतात. ३० साठी मात्र २,००० सीएफएम हवे, आणि तेव्हा वेग जवळजवळ ४२ फूट होतो. शिवाय बॉक्सच्या चौकटीत आणि दिव्याच्या दांड्यात काही जागा जाते, म्हणून खरा वेग याहून थोडा जास्तच असतो. ३० हवेच असतील तर बॉक्स मोठा करावा लागेल; तोच बॉक्स ठेवून फक्त पंखा मोठा करणे हा उपाय नाही.

वेग वाढल्यावर काय बिघडते हे धुराच्या चाचणीत डोळ्यांना दिसते. हळू उतरणारी हवा टेबलावर पसरते आणि कडेने बाहेर सरकते. वेगाने उतरणारी हवा शस्त्रक्रियेच्या दिव्यावर आणि सर्जनच्या डोक्यावर आदळून भोवरे करते, आणि कडेची न गाळलेली हवा आत ओढून घेते. त्यात हवा खोलीपेक्षा फार थंड असेल तर ती जड असल्यामुळे आणखी जोराने खाली येते, तिचा झोत मध्यभागी आकसतो आणि कडेला ठेवलेली इन्स्ट्रुमेंट ट्रॉली त्या झोताच्या बाहेर पडते. म्हणून बॉक्सचे माप टेबलाच्या चारही बाजूंना किमान एक फूट पुढे जाईल असे असावे आणि ट्रॉलीची जागा जमिनीवर त्यानुसार आखून द्यावी. सर्जन १८ अंश मागतात, तेव्हा ठेकेदार कमी हवा जास्त थंड करून देण्याचा सोपा मार्ग काढतात, तो मान्य करू नये. हवा पुरेशी आणि जेमतेम थंड असावी, आणि पावसाळ्यात आर्द्रता काढण्यासाठी कॉइलवर जास्त थंड केलेली हवा पुन्हा थोडी तापवण्याची सोय असावी.

परतीची हवा जमिनीलगत, सुमारे सहा इंचांवर, चार कोपऱ्यांतील उभ्या डक्टमधून उचलावी. फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून परतीची हवा ओढण्याची पद्धत अजूनही कुठे कुठे दिसते. तिथली धूळ आणि स्लॅबची गळती थेट एएचयूकडे जाते, म्हणून तिला स्पष्ट नकार द्यावा.

सांधेरोपणाच्या ओटीबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडे ज्याला सर्रास लॅमिनार म्हणतात तो मंद वेगाने उतरणारा एकदिशा प्रवाह आहे. ब्रिटनमधील अल्ट्रा क्लीन थिएटरमध्ये, अर्ध्या भिंती असलेल्या छत्राखाली, टेबलाच्या बरेच वर हवेचा सरासरी वेग सेकंदाला ०.३८ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ७५ फूट ठेवतात, आणि ती पूर्ण वेगळी, बरीच महाग यंत्रणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांधेरोपणातील जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी लॅमिनार यंत्रणा वापरू नये, अशी सशर्त सूचना केली, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणून माझे मत असे की या ओटीत २५ एअर चेंज, शाबूत हेपा, कमी माणसे आणि बंद दार यांवर पैसा आणि लक्ष द्यावे. जास्त वेगाच्या छत्रावर देऊ नये.

आता दाबाकडे येऊ, कारण बहुतेक ओटी इथेच फसतात. दाब हे पंख्याचे देणे नाही. खोलीत जितकी हवा सोडली आणि जितकी परत उचलली त्यांतील फरक, म्हणजे जादा हवा, फटींतून बाहेर पडताना जो अडथळा सोसते, तोच दाब म्हणून दिसतो. त्याचे सूत्र असे आहे:

```
Q = 0.83 × A × √ΔP
```

इथे Q ही फटींतून जाणारी हवा सेकंदाला घनमीटरमध्ये, A हे फटींचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि ΔP हा दाबातील फरक पास्कलमध्ये आहे. आपली २६७ सीएफएम ताजी हवा म्हणजे सेकंदाला ०.१२६ घनमीटर. ती सगळी जादा हवा म्हणून फटींतून गेली, तर १५ पास्कल मिळण्यासाठी साऱ्या फटी मिळून सुमारे ३९० चौरस सेंटिमीटर असाव्या लागतात. सहा फूट रुंद, सात फूट उंच अशा साध्या दोन पाल्यांच्या दाराला सगळीकडे तीन मिलिमीटर आणि खाली आठ मिलिमीटर फट असेल, तर एवढे क्षेत्रफळ त्या एका दारातच भरते. म्हणजे बाकी खोली डबाबंद असेल तरच १५ पास्कल. दुसरे तसेच दार आले, किंवा फॉल्स सीलिंगमधली, छतातून लोंबणाऱ्या पेंडंटची आणि गॅस पाइपची भोके उघडी राहिली आणि फटी दुप्पट झाल्या, की दाब निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो: १५ चे पावणेचार. वर्गमुळाचा हा हिशेब ठेकेदारालाही पुष्कळदा माहीत नसतो, आणि मग तो पंखा वाढवत बसतो.

एका रुग्णालयात असेच दाब येत नव्हता आणि पंखा दोनदा मोठा करून झाला होता. हस्तांतरापूर्वी, ओटी निर्जंतुक करण्याच्या आधी, उदबत्ती घेऊन आम्ही दाराच्या चौकटीभोवती, स्विचबोर्डांपाशी आणि मग शिडीवर चढून छतापाशी फिरलो. दाराशी धूर किंचित हलत होता. पेंडंटच्या आवरणाशी आणला तेव्हा तो सरळ वर ओढला गेला. आवरण उघडले तर स्लॅबला धरलेल्या प्लेटभोवती तळहाताएवढी मोकळी जागा होती आणि ओटीची हवा तिथून फॉल्स सीलिंगच्या वर जात होती. ती जागा सिलिकॉनने आणि पत्र्याने बंद केल्यावर पंखा पुन्हा जुन्या वेगावर आणला, तरी दाब मिळाला.

१५ पास्कल कशाच्या तुलनेत, हा दुसरा प्रश्न. मानकात किमान फरक फक्त २.५ पास्कल आहे, पण दारे उघडत राहतात आणि वारा वाहतो, म्हणून प्रत्यक्ष रचनेत एका खोलीतून पुढच्या खोलीत पाच ते आठ पास्कलची पायरी धरावी. आपल्या विभागासाठी मी बाहेरचा जिना आणि लिफ्ट लॉबी शून्य धरून, प्री-ऑप आणि रिकव्हरी ५, स्क्रब आणि क्लीन कॉरिडॉर १२, आणि दोन्ही ओटी २० अशी उतरंड ठेवीन. डर्टी युटिलिटी आणि शौचालयांना स्वतःचे एक्झॉस्ट पंखे देऊन त्यांचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा कमी राहील असे पाहावे. साधने मांडण्यासाठी वेगळी ले-अप खोली करणार असाल, तर तिचा दाब ओटीच्या बरोबरीचा किंवा वर असावा, कारण उघडे ट्रे तिथेच सर्वांत जास्त वेळ असतात. या मांडणीत ओटी आणि कॉरिडॉर यांत ८ पास्कलचा फरक आहे. त्या फरकावर वरच्या मापाच्या दारातून सुमारे १९५ सीएफएम हवा जाते आणि उरलेल्या ७० सीएफएममध्ये छताच्या आणि बाकीच्या फटी भागवाव्या लागतात. हा ताळेबंद प्रत्येक खोलीसाठी एका कागदावर मांडून घ्यावा: आत किती, परत किती, कोणत्या दारातून किती. ठेकेदार तो कागद देऊ शकत नसेल, तर १५ पास्कलचा शब्द त्याने अंदाजाने दिला आहे असे समजावे. फार जास्त दाबही नको. २५ पास्कलच्या वर दारांचे क्लोजर नीट लागत नाहीत आणि फटीतून शिट्टी वाजते.

दार पूर्ण उघडले की ही सगळी उतरंड त्या क्षणापुरती नाहीशी होते. त्याच २६७ सीएफएमने उघड्या दारातून हवा सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकते आणि मोजपट्टीवर शून्य दिसते. त्यातून कॉरिडॉर ओटीपेक्षा गरम असेल तर दाराच्या खालच्या भागातून थंड हवा बाहेर आणि वरच्या भागातून गरम हवा आत, अशी देवाणघेवाण सुरू होते. म्हणून क्लीन कॉरिडॉरही ओटीच्या जवळपासच्या तापमानाला ठेवावा, आणि परवडत असेल तर साध्या पाल्यांच्या दाराऐवजी हर्मेटिक सरकते दार घ्यावे. तेव्हा फट खूपच कमी होते, त्यामुळे जादा हवा बाहेर काढण्यासाठी दाब-नियंत्रक झडप द्यावी लागते, हे मात्र विसरू नये.

रात्री ओटी बंद असताना एअर चेंज कमी करून २५ टक्क्यांवर आणण्याची मुभा एनएबीएच देते, पण दाबाचे नाते बिघडू नये या अटीवर. इथे एक सापळा आहे. ताजी हवा त्याच एएचयूच्या पंख्याने ओढली जात असेल, तर पंखा मंद केल्यावर तीही चौथ्या हिश्शावर येते, आणि दाब चौथ्या हिश्शावर न येता सोळाव्या हिश्शावर येतो: १५ चा एक पास्कलही राहत नाही. म्हणून ताज्या हवेसाठी वेगळा छोटा पंखा आणि त्याचे वेगळे फिल्टर ठेवावेत, आणि तो पंखा चोवीस तास पूर्ण चालू राहावा. वीज वाचवायची ती मोठ्या पंख्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीवर वाचवावी.

फिल्टरच्या बाबतीत पहिला टप्पा एएचयूच्या तोंडाशी जी-४ दर्जाचा, दुसरा पंख्याच्या पुढे एफ-९ च्या आसपासचा आणि तिसरा ओटीच्या छतात एच-१३ हेपा, असे धरावे. जंतू वाहून नेणारे त्वचेचे कण बहुधा दहा-पंधरा मायक्रॉनचे असतात, आणि ते एफ-९ लाच जवळजवळ सगळे अडकतात. म्हणून एच-१३ ऐवजी एच-१४ घेतल्याने रुग्णाला फारसा फरक पडत नाही. हेपाची चौकट आणि तिचे गॅस्केट यांतून गळती नाही ना, यानेच खरा फरक पडतो. हेपा शेवटी ठेवण्याचे कारणही तेच: त्यानंतर डक्टच नसेल, तर डक्टमधली धूळ किंवा गळती रुग्णापर्यंत पोहोचायला वाट उरत नाही.

फिल्टर चोंदत जाणार, हे गृहीत धरूनच पंखा निवडावा लागतो. नवे असताना तीनही फिल्टर मिळून सुमारे २७५ पास्कल घेतात असे धरू, आणि कॉइल व डक्ट ४५०, एकूण ७२५. बदलायला आले तेव्हा फिल्टर ६५० वर गेलेले असतात आणि एकूण ११०० होते. पंखा ७२५ वरच निवडला असेल, तर चोंदलेल्या अवस्थेत हवा सुमारे १,०८० सीएफएमपर्यंत घसरते. म्हणजे २० चे १६ एअर चेंज झाले, बॉक्सखालचा वेग २५ फुटांच्या खाली गेला आणि दाबही एक तृतीयांशाने उतरला, तरी वरून कोणाला काही कळत नाही, कारण ओटी थंडच असते. म्हणून पंखा ११०० पास्कलवर निवडावा, व्हीएफडीला हवेच्या प्रवाहाचा संवेदक जोडून प्रवाह कायम राखावा, आणि प्रत्येक फिल्टरवर वेगळी दाबमापक तबकडी लावून तिच्यावर बदलण्याची रेषा रंगवून ठेवावी.

कामाच्या ऑर्डरमध्ये चाचण्या आधीच लिहून घ्याव्यात, कारण नंतर त्यांसाठी जागाच उरत नाही. हेपाच्या गळतीची पीएओ चाचणी करायला फिल्टरच्या आधी डक्टमध्ये धूर सोडण्याचे भोक लागते, आणि तेच बहुतेक ठिकाणी विसरलेले असते. या चाचणीत फिल्टरच्या खाली कुठेही वरच्या धुराच्या ०.०१ टक्क्याहून जास्त गळती दिसू नये. हवेचा वेग बॉक्सच्या सहा इंच खाली चौकोन आखून प्रत्येक चौकोनात मोजावा, आणि त्याच्या सरासरीबरोबर सगळे आकडेही मागावेत, कारण २८ ची सरासरी १५ आणि ४१ मिळूनही येते. कणमोजणी खोली रिकामी असताना बॉक्सच्या खाली आयएसओ ५ वर्गात, म्हणजे घनमीटरला अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे ३,५२० पेक्षा कमी कण, अशी यावी. दाब सर्व दारे बंद असताना आणि एक्झॉस्ट पंखे चालू असताना, लगतच्या खोलीच्या तुलनेत नोंदवावा. तबकडीच्या दोन्ही नळ्या काढून काटा शून्यावर येतो का, हेही त्याच वेळी पाहावे. चेपलेली नळी किंवा अडकलेला काटा महिनोन्महिने तेच वाचन दाखवत राहतो. या सगळ्या चाचण्या दर सहा महिन्यांनी पुन्हा कराव्यात, आणि त्यांपैकी एकदा फिल्टर बदलण्याच्या अगदी आधी कराव्यात, म्हणजे यंत्रणा तिच्या सर्वांत वाईट दिवशी किती हवा देते ते कळते.